बदलापूरला सोपं, ठाण्याला अवघड

सकाळी बदलापूरहून मुंबईच्या दिशेची लोकल पकडून पुढच्याच स्टेशनवर, म्हणजे अंबरनाथला उतरणं हे एक कसब आहे. प्रवास जेमतेम सात-आठ मिनिटांचा. पण डबा बदलापूरलाच भरलेला असतो, आणि अंबरनाथला चढणाऱ्यांची भिंत दारासमोर उभी असते. उतरायचं आहे हे वेळेत आणि मोठ्यानं सांगितलं नाही, तर माणूस उल्हासनगरला पोचतो. तिथंही जमलं नाही तर विठ्ठलवाडी, मग कल्याण.

या अंकासाठी संपादकांनी ‘नवे शेजारी’ हा विषय दिला. मी शोधायला निघाले ते अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर एमआयडीसीत. तिथल्या एका लहान केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काही महिन्यांपूर्वी ओडिशातल्या ब्रह्मपूरकडची एक मुलगी रुजू झाली आहे. रसायनशास्त्राची पदवीधर, शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे देवनागरी वाचता येते. बदलापूर पश्चिमेला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. तिच्या वरच्या जागेवर उल्हासनगर कॅम्प चारमध्ये राहणाऱ्या एक ताई आहेत. लॅबमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणतात, म्हणून इथंही ताई. या ताई रोज चहाच्या सुट्टीत तिला दहा मिनिटं मराठी शिकवतात. कंपनीनं सांगितलेलं नाही, पगारात काही नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ही मुलगी दोनदा उल्हासनगरला जाऊन परत आली आणि दोन्ही वेळा पंचिंगला उशीर झाला, एवढंच कारण.

दहा मिनिटांचा हिशेब साधा आहे. तीन महिने एकही दिवस न चुकवता केलं तर नव्वद दिवसांचे पंधरा तास होतात. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिथं इतर राज्यांतल्या शिक्षकांना मराठी शिकवायचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, पूर्ण वेळेचा असतो. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परभाषकांसाठी मराठीचा जो अभ्यासक्रम 1970 च्या दशकात तयार केला, तोही चांगला जाडजूड आहे. पंधरा तासांत यातलं काय होणार? भाषा येणार नाही. पण ज्या आठ-दहा जागी माणूस रोज अडतो, त्या जागा मोकळ्या होऊ शकतात. त्या कोणत्या हे नीट निवडलं तरच.

वाक्य एक, उत्तरं दोन

ताईंनी सुरुवात सगळे करतात तशीच केली होती. नमस्कार, तुम्ही कसे आहात, माझं नाव अमुक, मी तमुक गावची. मुलीनं दोन दिवसांत पाठ केलं. मग तिच्या लक्षात आलं, की यातलं एकही वाक्य दिवसभरात कुणाला म्हणावं लागत नाही. लोकलमध्ये ‘तुम्ही कसे आहात’ कुणी विचारत नाही. ‘कुठे उतरणार?’ विचारतात.

तेव्हापासून त्यांची पद्धत बदलली. आदल्या दिवशी मुलगी जिथं अडली, ती जागा दुसऱ्या दिवशीचा धडा. एक वाक्य, आणि त्याला समोरून हमखास येणारी दोन उत्तरं. मी पाहिलेल्या दिवशी जागा होती शेअर रिक्षाची. स्टेशनच्या पूर्वेला रिक्षाची रांग असते. रिक्षावाला ‘एमआयडीसी, एमआयडीसी’ ओरडत असतो आणि तीन माणसं झाली की सुटतो. वाक्य होतं, ‘दादा, इथेच थांबवा.’ यावर रिक्षावाला बहुतेक वेळा म्हणतो ‘गेटपाशी घेऊ का?’ किंवा ‘पुढे थांबवतो, इथं गाडी लागत नाही.’ पहिल्या उत्तरावर ‘नको, इथेच’ म्हणायचं. दुसऱ्यावर ‘चालेल.’

दहा मिनिटं अशी जातात. पहिली तीन मिनिटं कालचं वाक्य, पण ताई उत्तरं उलटसुलट देतात. म्हणजे मुलगी ‘इथेच थांबवा’ म्हणते आणि ताई कधी पहिलं उत्तर देतात, कधी दुसरं, कधी तिसरंच काहीतरी. पुढची चार मिनिटं नवं वाक्य. ते ताई तिच्या मोबाइलमध्ये बोलून ठेवतात, एकदा सावकाश आणि एकदा रिक्षावाला बोलेल त्या वेगानं. उरलेल्या तीन मिनिटांत भूमिका बदलतात. मुलगी रिक्षावाली होते आणि ताई प्रवासी. हा शेवटचा भाग मला सगळ्यात कामाचा वाटला. समोरच्याचं वाक्य स्वतःच्या तोंडून गेलं, की दुसऱ्या दिवशी ते कानाला ओळखीचं लागतं.

नवशिक्याला बोलणं जमतं, ऐकणं जमत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाठ केलेलं वाक्य तोंडातून सफाईनं निघतं, समोरच्याला वाटतं हिला मराठी येतं, आणि तो भरधाव सुटतो. मुलीची घरमालकीण काकू एकदा दारात उभी राहून म्हणाली, ‘उद्या प्राधिकरणाचं पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा.’ मुलगी म्हणाली, ‘हो हो.’ दुसऱ्या दिवशी घरात बादलीभर पाणी नव्हतं. ताईंनी त्यावरून एक खूण धरली आहे. मुलगी एकदा ‘हो’ म्हणाली तर कळलंय, ‘हो हो’ म्हणाली तर नाही कळलं. मग त्यांनी तिला पाण्याचं वाक्य दिलं, ‘काकू, पाणी किती वाजता येतं?’ आणि त्याला जोडून एक सुटकेचं वाक्य, ‘परत सांगाल का? सावकाश.’ हे दुसरं वाक्य कुठंही चालतं. मला विचाराल तर पहिल्या दिवशी हेच द्यावं. नमस्कार तिला आधीपासून येतोच.

अंबरनाथला उतरण्याचा प्रश्न तीन वाक्यांत सुटला. ‘अंबरनाथला उतरायचंय’ हे बदलापूरहून गाडी सुटल्या सुटल्या पुढच्या बाईला सांगायचं. उत्तर येतं ‘मला पण’ किंवा ‘मग पुढे या.’ दुसरं, ‘फलाट कुठल्या बाजूला येतो?’ याला ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ किंवा नुसतंच ‘ह्या बाजूला’ असं हात दाखवून उत्तर येतं. तिसरं खरं तर वाक्यही नाही. दारातल्या बाईच्या खांद्याला हात लावून ‘उतरू द्या, उतरू द्या.’ मी तिच्याबरोबर लेडीज डब्यातून गेले, तेव्हा तिनं तिन्ही वापरली आणि आम्ही दोघी उतरलो. माझी पर्स तेवढी आत अडकली होती, ती मागच्या बाईनं बाहेर ढकलली.

दिवा आला की शब्द बदलतो

‘उतरायचंय’मधला ‘य’ तिनं विचारला होता. पुस्तकात ‘उतरायचे आहे’ असतं. बोलताना कुणी तसं म्हणत नाही. ‘उतरायचं आहे’चं ‘उतरायचंय’ होतं, ‘काय झालं आहे’चं ‘काय झालंय’, ‘येत आहे’चं ‘येतोय’ किंवा ‘येतेय’. दहा मिनिटांच्या शिकवणीत पुस्तकी रूप द्यायला वेळ नाही आणि दिलं तर नुकसानच. ते शिकलेल्याला बोललेलं ओळखू येत नाही. ताईंनी हे व्याकरण म्हणून सांगितलं नाही. फक्त जसं बोलतात तसं रेकॉर्ड केलं.

व्याकरण एकाच ठिकाणी आडवं आलं आणि तिथं ताईंनी जे केलं, ते कुठल्याही पुस्तकात मी पाहिलेलं नाही. मराठीत नामाला प्रत्यय लागायच्या आधी नामाचं रूप बदलतं. आपण शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायचो. रस्ता, पण रस्त्यावर. डबा, पण डब्यात. ओडियात असं होत नाही. ‘ला’ लावायला शिकल्यावर मुलगी सरसकट ‘ला’ लावत सुटली. ‘ठाणेला जायचंय’ म्हणाली तेव्हा कुणी हसलं आणि ती दोन दिवस गप्प झाली.

ताईंनी डब्यातला नकाशा वापरला. बदलापूरपासून मुंबईकडे निघा आणि प्रत्येक स्टेशनाला ‘ला’ लावत चला. बदलापूरला, अंबरनाथला, उल्हासनगरला, विठ्ठलवाडीला, कल्याणला, ठाकुर्लीला, डोंबिवलीला, कोपरला. आठ स्टेशनं, एकाचंही रूप बदललं नाही. नाव जसंच्या तसं, मागे ‘ला’. मग दिवा येतं आणि ओळीनं चार स्टेशनं बदलतात. दिव्याला, मुंब्र्याला, कळव्याला, ठाण्याला. त्यानंतर मुलुंडला, नाहूरला, भांडुपला असं पुन्हा सरळ, ते थेट कुर्ल्यापर्यंत. कुर्ल्याला परत बदल. म्हणजे गावाचं नाव ‘आ’ किंवा ‘ए’वर संपलं की ‘या’ येतो, नाहीतर गाव जसंच्या तसं राहतं. नेहमीच्या नामांना नियम याहून मोठे आहेत, पण या मार्गावरच्या नावांपुरतं एवढं पुरतं. आणि एकदा दिवा-दिव्याला कानात बसलं, की डबा-डब्यात, रस्ता-रस्त्यावर, चहा-चहात असा प्रश्न आला, तर माणूस निदान थांबून विचार करतो. (‘चहा’ बदलत नाही. तेही तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, चहाला कोण बदलणार.)

कर्जतकडच्या बाजूला तर पूर्ण सुट्टी आहे. वांगणीला, शेलूला, नेरळला, कर्जतला. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरला राहणाऱ्या नव्या माणसाला रोजच्या जाण्यायेण्यात सामान्यरूपाची गरजच पडत नाही. मुंबईत राहायला गेलेल्याला ती कुर्ल्यात, माटुंग्यात पावलोपावली पडते.

आणखी एक पळवाट मी लॅबमध्ये ऐकली. इंग्रजी शब्दांना बहुतेक लोक ‘मध्ये’ जोडतात. लॅबमध्ये, ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, कँटीनमध्ये. त्यानं मूळ शब्द हलत नाही. शुद्धतेच्या आग्रही माणसाला हे रुचणार नाही, पण नव्या माणसासाठी ‘मध्ये’ ही मोठी सोय आहे आणि आपण सगळेच ती रोज वापरतो.

रिपोर्ट आला, बॅच आली, सॅम्पल आलं

लिंगाचा प्रश्न मात्र असा बाजूला ठेवता येत नाही. ओडियात व्याकरणातलं लिंग नाही. क्रियापद बाई बोलली तरी तेच आणि बुवा बोलला तरी तेच. शाळेत हिंदी शिकली असल्यानं दोन लिंगांची सवय तिला थोडी होती. मराठीत तिसरं निघालं. लॅबमध्ये दिवसभर येणाऱ्या तीन वस्तूंची तीन लिंगं आहेत. रिपोर्ट आला, बॅच आली, सॅम्पल आलं. आणि या तिन्ही इंग्रजीतून आलेल्या. मराठीनं त्यांना लिंग कुठून दिलं हे ताईंना सांगता आलं नाही, मलाही येणार नाही. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ शब्दाबरोबरच पाठ करावं लागतं.

ताईंनी तीन रंगांच्या पेनांनी वस्तूंवर लेबलं चिकटवली. लॅबमध्ये लेबलांना तोटा नाही. ड्रम निळा, बाटली लाल, बीकर निळा, मशीन हिरवं. आठवडाभरात प्लांटमधल्या पोरांनीही त्यात भर घातली आणि एक वाद निर्माण झाला, की ‘मेल’ आला की आली. लॅबमध्ये ‘आला’, अकाउंट्समध्ये ‘आली’. तो अजून मिटलेला नाही. नव्या माणसाला हा वाद ऐकवणं फार चांगलं. मराठी माणसांचंही एकमत नसतं, हे कळल्यावर तिची भीड बरीच कमी झाली.

खरी गोची भूतकाळात होते. ‘मी आले’ म्हणताना क्रियापद बोलणारीकडे बघतं. ‘मी रिपोर्ट पाठवला’ म्हणताना ते रिपोर्टकडे बघतं. स्वतः बाई असल्यानं ती ‘मी रिपोर्ट पाठवली’ म्हणायची. तिच्या मते स्वतःचं लिंग सांभाळत होती. ताईंनी पुन्हा तीच तीन वाक्यं घेतली. मी रिपोर्ट पाठवला, मी बॅच तपासली, मी सॅम्पल घेतलं. तिन्ही वेळा बोलणारी तीच आणि शेवट तीन. यावर त्यांनी एक दिवस नाही, चार दिवस घालवले. ते योग्यच झालं, कारण लॅबमध्ये दिवसभर भूतकाळातच बोलतात. केलं का, पाठवलं का, तपासलं का, भरलं का.

इथं शिकवणारा कोण हेही महत्त्वाचं ठरतं. त्याच कंपनीत तमिळनाडूची एक मुलगी अकाउंट्समध्ये आहे. ती पुरुष सहकाऱ्यांकडून ऐकून ऐकून शिकली आणि वर्षभर ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणत होती. कुणी सुधारलं नाही, कारण बाईमाणसाला कसं सांगायचं. तुमच्या ऑफिसात परराज्यातली बाई आली असेल तर तिच्यासाठी वाक्यं बाईनंच बोलून रेकॉर्ड करावीत. बुवासाठी बुवानं. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुढची दुरुस्ती बरीच वाचते.

ओडियाचे फायदेही बरेच निघाले. हिंदीवाल्याला जो ‘ळ’ जन्मभर येत नाही, तो तिच्या तोंडात आधीच होता. ओडियात सकाळला सकाळच म्हणतात, आणि पाण्याला ‘पाणि’, ‘ण’सकट. ‘मला भूक लागली’ ही रचना तिला शिकवावी लागली नाही. तिच्याकडे ‘मोते भोक लागुछि’ आहे, तिथंही भूक मला लागते. त्यामुळे ‘मला समजलं नाही’, ‘मला सुट्टी पाहिजे’, ‘मला उतरायचंय’ ही वाक्यं तिला एका बैठकीत आली. प्लांटमधला उत्तर प्रदेशातला ऑपरेटर मात्र ‘पानी’ आणि ‘सकाल’वरच अडलेला आहे. नव्या माणसाची मायबोली कोणती हे आधी विचारून घेतलं तर दहापैकी चार मिनिटं वाचतात.

उच्चारात तिला छळलं ते ‘च’नं. लिहायला एकच अक्षर, बोलायला दोन. ‘पाच चहा’ हे दोन शब्द म्हणून पाहा. पाचमधला ‘च’ दातांपाशी आणि चहातला टाळूपाशी. ‘चांगला चमचा’ दातांपाशी, पण अनेकवचन केलं की ‘चमचे’तला शेवटचा ‘च’ टाळूवर जातो. ‘इ’, ‘ई’, ‘ए’, ‘य’ आले की टाळूचाच ‘च’ हे पक्कं आहे. बाकीचं ऐकूनच शिकायचं. देवनागरी वाचता येत असल्यानं ती आधी वाचूनच बोलायची आणि इथं फसायची. ताईंनी मग दोन आठवडे लिहिणंच बंद केलं. फक्त ऐकणं.

उल्हासनगरचा काउंटर

तिच्या गृहपाठासाठी ताई तिला रविवारी उल्हासनगरच्या बाजारात घेऊन जातात. मीही गेले. नव्या माणसानं मराठी शिकायला हे गाव निवडावं का, असा प्रश्न मला पडला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं, आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर आणि बॅरेक नंबर सांगतात. सिंधी, हिंदी, मराठी एका वाक्यात येतात. व्याकरण शिकायला ही जागा नाही.

पण बाजार बघितल्यावर माझं मत बदललं. कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानात एक वयस्क सिंधी काका गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांची मराठी ठरावीक पन्नास-साठ वाक्यांची असेल. ‘रंग जाणार नाही, गॅरंटी.’ ‘किती मीटर देऊ?’ ‘शेवटचा भाव सांगतो.’ ‘बिल पाहिजे का?’ ‘बदलून देईन, पैसे परत नाही.’ ‘परत नाहीत’ म्हणायला हवं होतं, पण गिऱ्हाइकाला अर्थ पोचला आणि साडी घेतली गेली. वडील काउंटरवर बसायचे तेव्हा गिऱ्हाइकाची वाक्यं ऐकून ऐकून शिकल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांना कुणी शिकवणीला बसवलं नव्हतं. आधी आकडे, मग माप, मग तक्रारीची उत्तरं. जिथं पैसा अडतो ते शब्द पहिले आले.

ताईंनी मुलीला त्या दिवशी आकडेच दिले होते. मराठी आकडे शंभरपर्यंत सुटे सुटे पाठ करावे लागतात, आणि एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठमध्ये पुढच्या दशकाचं नाव आधीच येतं हे नव्या माणसाला फार चकवतं. एकोणसाठ ऐकून तिनं साठच्या पुढचा कुठला तरी आकडा धरला होता. एक ते शंभर घोकायला दहा मिनिटांत वेळ नाही, म्हणून जे भाव रोज कानावर पडतात तेवढेच घ्यायचे. दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. त्यात दीड, अडीच, साडेतीन आणि पावशेर, अर्धा किलो. भाजीवाल्याकडचा पैसे आल्याचं बोलणारा डबा मराठीत लावलेला असेल तर फुकटची उजळणी होते. आपण स्वतः टाकलेला आकडा लगेच मराठीत ऐकायला मिळतो. लोकलमध्येही तेच. ‘पुढील स्टेशन अंबरनाथ’ झालं की लगेच हिंदी आणि इंग्रजीत तेच वाक्य. फलाटावरच्या सूचनांमधले जलद, धीमी, डबे, क्रमांक हे शब्द तिला कुणी शिकवले नाहीत, ती गाडीची वाट बघता बघता शिकली.

संबोधनं मात्र शिकवावी लागली. हिंदीतून आलेली माणसं सगळ्यांना ‘भैया’ म्हणतात. इकडे ‘भैया’ म्हणजे उत्तरेकडचा माणूस असा अर्थ होतो आणि मराठी रिक्षावाल्याला ते खटकतं. त्याला ‘दादा’ किंवा वय असेल तर ‘काका’. भाजीवाल्या बाईला ‘मावशी’, कँटीनच्या बाईलाही ‘मावशी’, घरमालकिणीला ‘काकू’, आपल्याहून थोड्या मोठ्या बाईला ‘ताई’. वरच्या साहेबाला ‘सर’च. आणि या सगळ्यांना ‘तुम्ही’. ‘तू’ पहिले सहा महिने वापरूच नये, समोरच्यानं म्हटलं तरी.

समोरचा हिंदीत वळतो

आता या सगळ्यातला खरा अडथळा. मुलीनं कॅम्प तीनमध्ये एका दुकानात विचारलं, ‘दादा, ही पिशवी केवढ्याला?’ वाक्य अगदी बरोबर होतं. हेल ओडिया होता. दुकानदार मराठी, त्यानं हेल ऐकला आणि लगेच म्हणाला, ‘डेढ़ सौ का है मॅडम, ले लो.’ पुढचं सगळं बोलणं हिंदीत झालं. दहा मिनिटं घोकलेलं वाक्य तीन सेकंदांत संपलं, आणि दुकानदाराला वाटलं आपण तिची सोय केली.

या पट्ट्यात हे दिवसभर होतं. ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे अंबरनाथला देशभरातून माणसं येऊन राहिली, उल्हासनगर तर वसलंच बाहेरून आलेल्यांनी, आणि गेल्या वीसेक वर्षांत बदलापूरला इमारती झाल्या तशी सगळीकडची माणसं आली. अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायची सवय इथल्या मराठी माणसाच्या अंगात मुरली आहे. तो उत्तर प्रदेशातला ऑपरेटर अंबरनाथला बरीच वर्षं आहे. मराठी बातम्या त्याला कळतात, सुपरवायझर फोनवर काय बोलतोय ते कळतं. बोलत मात्र एक वाक्य नाही. मी विचारलं का, तर म्हणाला, ‘बोलने ही नहीं देते मॅडम. मैं मराठी में शुरू करता हूँ, सामनेवाला हिंदी में आ जाता है.’ आणि वरून दर काही महिन्यांनी कुणीतरी त्याला विचारतं, इतकी वर्षं झाली, अजून मराठी येत नाही?

मराठीत बोलायची सक्ती करणारी माणसं आणि हा दुकानदार वेगळे आहेत असं वाटतं, पण नव्या माणसापुरता परिणाम एकच. सक्तीला घाबरून तो तोंड उघडत नाही, आणि सोयीमुळे त्याला तोंड उघडावं लागत नाही. मला यातली सोय जास्त घातक वाटते, कारण तिच्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

ताईंनी यावर दिलेलं वाक्य आहे, ‘मराठीतच बोला ना, मी शिकतेय.’ ‘ना’ महत्त्वाचा. त्याशिवाय ते भांडण वाटतं. मुलगी ते आता सहज म्हणते आणि दहापैकी सहा-सात वेळा चालतं. रिक्षावाले लगेच खूश होतात, बायका तर शिकवायलाच बसतात. चालत नाही ते घाईच्या जागी. स्टेशनवरची तिकीट खिडकी, औषधाचं दुकान, बँक. तिथं रांग मागे उभी असते आणि तिनंही तिथं हट्ट करू नये असंच ताईंचं मत आहे. औषधाच्या डोसात उगाच भाषा शिकायला जाऊ नये.

लॅबमध्ये ताईंनी एक नियम केला आहे. चहाच्या दहा मिनिटांत हिंदी बोलायची नाही, तिनंही नाही आणि इतरांनीही नाही. पहिले काही दिवस टेबलावर नुसती शांतता असायची. मग कुणी ‘जेवलीस का?’ विचारायला लागलं, कुणी ‘गाडी किती वाजताची मिळाली?’ आता तिथं गप्पा होतात. तिला सगळं कळत नाही. पण ‘हो हो’ऐवजी ती ‘काय म्हणालात?’ विचारते.

पुस्तकातली आणि गावातली

एक मर्यादा राहते. बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या गावांत आगरी बोलतात. तिथं ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. ताईंनी शिकवलेलं ‘पाणी’ घेऊन ती एका शेतकरीण मावशीकडे भाजी घ्यायला गेली, आणि मावशींचं बोलणं तिला ओळीनं कळलं नाही. तिनं येऊन ताईंना विचारलं, त्या मावशी चुकीचं बोलतात का? ताई म्हणाल्या, त्या त्यांचं बोलतात, तू तुझं बोल, भाव समजला ना? भाव समजला होता. मेथीची जुडी पंधराची.

फोनवरचं मराठीही तिला अजून जमत नाही. समोर माणूस नसला की हात, डोळे, वस्तू काहीच दिसत नाही. कुरिअरवाला ‘कुठं आहात? गेटवर आलोय’ म्हणतो एवढं कळतं. त्यानं पत्ता विचारायला सुरुवात केली की ती फोन मैत्रिणीकडे देते. पुढचे धडे त्याचेच आहेत, आणि ताईंनी त्यासाठी लॅबच्या दोन खोल्यांतून एकमेकींना फोन लावायचं ठरवलं आहे.

निरोप घेताना ती मला ‘येते हं’ म्हणाली. तेही एक वाक्य होतं, पहिल्या महिन्यातलं. ‘जाते’ म्हणू नये एवढंच ताईंनी सांगितलं होतं.

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, डब्यात परराज्यातून आलेलं कुणी मोडक्या मराठीत काही विचारेल तेव्हा हिंदीत वळू नका. त्याचं वाक्य दुरुस्तही करू नका. उत्तर मराठीतच द्या, नेहमीपेक्षा थोडं सावकाश, आणि कळलं नाही असं दिसलं तर तेच वाक्य, तेच शब्द ठेवून, पुन्हा एकदा म्हणा.